नाहीबाईंचा प्रश्न

आई मावशीमुळे गेली, असं मी कधी म्हणाले नाही. मावशीमुळे नाही गेली, असंही कधी म्हणाले नाही. लोक विचारतात आणि मी गप्प बसते. मी कपडे शिवणारी बाई, मला वाक्यांतलं काय कळतंय, असं म्हणून सुटका करून घेते. पण कळतं मला. त्या दिवसापासून चांगलंच कळतं.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. विद्यापीठात भाषाविज्ञान शिकवायची. बाकीचे प्राध्यापक मोठमोठे विषय घेऊन बसलेले आणि ही बया आयुष्यभर एका शब्दामागे हात धुऊन लागलेली. तो शब्द म्हणजे ‘नाही’. वाक्यात ‘नाही’ कुठे बसतं, कुणाच्या डोक्यावर बसतं आणि कुणाच्या पायाशी लोळतं, हाच हिचा अभ्यास. पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं नाहीबाई. तिला ते माहीत होतं आणि आवडायचंसुद्धा. लग्न केलं नाही तेव्हा आई म्हणाली होती, “हिनं नवऱ्यालाही नाहीच म्हटलं.”

तिचा अभ्यास चालायचा आमच्या स्वयंपाकघरात. आई मटार सोलत असायची आणि मावशी समोर स्टूल ओढून बसायची.

“ताई, ‘सगळी मुलं पास झाली नाहीत’ म्हटलं तर तुला काय कळतं?”

“कुणाची मुलं?”

“कुणाची का असेनात! किती पास झाली?”

“तू कसं म्हणतेस त्यावर आहे बाई. ‘सगळी’वर जोर देऊन म्हटलंस तर काही झाली, काही राहिली. रडक्या तोंडानं सरळ म्हटलंस तर बोंबला, एकही नाही झालं.”

मावशी खुलून जायची. आईसारखा कान अख्ख्या विभागात कुणाचा नाही, म्हणायची. मग मला धरून शिकवायची. तिचं म्हणणं असं, की त्या वाक्यात ‘सगळी’ आणि ‘नाही’ ही दोन माणसं एकमेकांशी भांडतायत, वरचढ कोण म्हणून. ‘सगळी’ वरचढ झालं, तर प्रत्येक मुलाबद्दल ‘हा पास नाही’ असं ठरतं, म्हणजे सगळीच गेली. ‘नाही’ वरचढ झालं, तर ते ‘सगळी पास झाली’ एवढीच गोष्ट खोडून काढतं. म्हणजे निदान एक तरी राहिलं, बाकीच्यांचं काहीही असो.

“आणि ‘सगळी मुलं नापास झाली’ म्हटलं तर?” मी विचारलं होतं.

“तिथं भांडणच नाही. ‘नापास’मधला ‘ना’ त्या शब्दाला चिकटलेला आहे. तो उठून ‘सगळी’च्या वर जाऊ शकत नाही. ‘नाही’ मात्र मोकळं असतं.”

“मग लोकांनी सरळ बोलावं की! ‘एकही पास झालं नाही’ म्हणा, नाहीतर ‘सगळी पास झाली असं नाही’ म्हणा. तोंडाला काय कुलूप लागलंय?” मी म्हणाले.

“बोलताना आवाज सांभाळून घेतो गं. लिहिलं की आवाज जातो. तिथं घात होतो.”

घात हा शब्द तिनंच वापरला होता. मी हसले होते.

मग आईच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. हाताच्या शिरेत दोन जाड सुया, एका नळीतून रक्त मशीनमध्ये जायचं, दुसरीतून धुऊन परत यायचं. आई म्हणायची, “माझी मोरी झालीय.” मावशीनं रजा काढून प्रत्येक फेरीला यायला सुरुवात केली. कॉरिडॉरच्या बाकावर पोरांचे पेपर तपासत बसायची, मी ब्लाउजना हुक लावत बसायचे.

त्या महिन्यात युनिटमध्ये काहीतरी बिनसलं. मशीनवर बसलेल्या पेशंटना मधेच थंडी वाजून ताप भरायला लागला. आधी एकाला, मग दुसऱ्याला. कुणी म्हणे एसी, कुणी म्हणे खाण्यात आलं असेल. शेवटी डॉक्टरांना पाण्याचा संशय आला. या मशीन्सना शुद्ध केलेलं पाणी लागतं, भरपूर लागतं, आणि त्या पाण्यात जंतू शिरले तर ते थेट माणसाच्या रक्ताच्या शेजारी जाऊन बसतात. युनिट बंद ठेवलं, सगळी पाइपलाइन औषधानं धुतली, प्रत्येक मशीनच्या पाण्याचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले.

धुतलं ते बरंच झालं, पण तोवर इकडे आईची एक फेरी चुकली. डायलिसिसवरच्या माणसाची फेरी चुकणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरी आहे त्यालाच विचारा. पाय खांबासारखे सुजले. आडवं पडलं की धाप लागायची, म्हणून ती रात्र तिनं खुर्चीत काढली. माझा हात धरून होती. दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात जागा नव्हती. सकाळी युनिटचा फोन आला, “रिपोर्ट चांगला आलाय, घेऊन या,” तेव्हा मी देवाला हात जोडले.

युनिटच्या दारात वजनकाटा होता. डायलिसिसच्या आधी प्रत्येकाचं वजन करतात, अंगात पाणी किती साठलंय ते कळावं म्हणून. काट्याच्या वरच पांढरी पाटी टांगलेली. त्या दिवशी पाटीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं:

‘तपासणीत सगळ्या मशीन्समध्ये जंतू आढळले नाहीत. सविस्तर अहवाल संध्याकाळी.’

मी वाचलं आणि हुश्श केलं. मावशीनं वाचलं आणि ती जागच्या जागी थांबली.

“हे कुणी लिहिलं?”

युनिटचा मुख्य टेक्निशियन मशीनच्या नळ्या जोडत होता. चांगला माणूस, कामाला वाघ, पण दोन दिवसांत झोप नसावी. “मीच उतरवलंय. प्रयोगशाळेतून मेसेज आला, तसाच्या तसा.”

“म्हणजे एकाही मशीनमध्ये नाहीत, की सगळ्यांमध्ये नाहीत, काहींमध्ये आहेत?”

“अहो मॅडम, स्वच्छ मराठीत लिहिलंय.”

मावशीनं त्याला ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं. एकदा सरळ, एकदा ‘सगळ्या’ला वर उचलून आणि ‘नाहीत’ला खाली सोडून. टेक्निशियन माझ्याकडे बघायला लागला, बाई ठीक आहेत ना, अशा नजरेनं. बाकड्यावरचे एक म्हातारे ड्रायव्हर, तेही पेशंटच, खो खो हसले. “अहो बाई, इथं काय परीक्षा आहे का? बसू द्या की आम्हाला!”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई तिकडे काट्याचा दांडा धरून धापा टाकतेय आणि ही व्याकरण काढून बसलीय. मी म्हटलं, “मावशी, पुरे कर. आईकडे बघ.”

“तिच्याकडेच बघतेय,” ती म्हणाली. मग टेक्निशियनला म्हणाली, “फोन करून विचारा ना त्यांना.”

“मॅडम, सहा मशीन आहेत, बाहेर पेशंट फुगून बसलेत. मला शंका असती तर केला असता. तुम्हाला आहे, तर तुम्ही करा. हा घ्या नंबर.”

तिनं केला. मी तिच्या शेजारीच उभी होते, स्पीकर चालू होता. पलीकडचा माणूस म्हणाला, मेसेज मीच टाइप केला, पण निकाल फक्त युनिटला सांगायचा नियम आहे, नातेवाइकांना नाही.

आता कुणीही साधी बाई असती तर रडली असती, भांडली असती, नाहीतर फोन टेक्निशियनच्या हातात कोंबला असता. मावशी पडली विदुषी. तिनं आयुष्यभर लोकांना वाक्यं विचारली होती. ती म्हणाली, “निकाल नका सांगू. फक्त तुमच्या वाक्याबद्दल सांगा. समजा, एकाही मशीनमध्ये जंतू नाहीत. तर तुम्ही लिहिलेलं हे वाक्य खरं ठरेल?”

तो म्हणाला, “ठरेल की. का नाही ठरणार?”

“नक्की?”

“नक्की. बाई, मला कामं आहेत.”

फोन बंद झाला. मावशीनं माझ्याकडे बघून मान हलवली. तिचा चेहरा सैल पडला होता. आईच्या जवळ जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “ताई, मी बोललेय त्यांच्याशी. चल.” आईनं मान डोलावली. तिला पाच नंबरच्या मशीनवर घेतलं. ड्रायव्हरकाकांना दोन नंबर मिळालं.

आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. काचेच्या दारातून आईचे पाय दिसत होते. मशीन गुरगुरत होतं. सगळं ठीक होतं, आणि तरी माझ्या सुईत दोरा जाईना. मावशीच्या हातातला लाल पेन नुसता उघडमीट होत होता.

मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “काय गं, एवढ्याशा प्रश्नानं तुला कळलं कसं?”

“चित्र दाखवायचं,” ती म्हणाली. “माणसाला ‘या वाक्याचा अर्थ काय’ असं विचारलं तर तो काहीही सांगतो. त्याच्यापुढे एक परिस्थिती ठेवायची आणि विचारायचं, आता हे वाक्य खरं की खोटं? बटणं आहेत तुझ्याकडे?”

माझ्या पिशवीत बटणं नसतील तर कुणाच्या असणार! मी तिच्या हातावर मूठभर ओतली. तिनं त्यातली पांढरी निवडली, मशीनं होती तेवढीच, आणि बाकावर ओळीनं मांडली. “हं. ‘सगळी बटणं काळी नाहीत.’ खरं की खोटं?”

“खरं. सगळी पांढरीच आहेत.”

“बरोबर. आता बघ.” तिनं दोन पांढरी उचलून तिथं दोन काळी ठेवली. “‘सगळी बटणं काळी नाहीत.’ आता?”

मी बघितलं. “आताही खरंच की. सगळी कुठे काळी आहेत? दोनच आहेत.”

“म्हणजे तू दुसऱ्या अर्थानं घेतेयस. पहिल्या अर्थानं घेणारा इथं ‘खोटं’ म्हणेल, कारण काळी आहेत ना दोन. म्हणून हे चित्र दाखवायचं. पहिलं चित्र उपयोगाचं नाही, पहिल्या चित्रात दोन्ही अर्थ...”

ती थांबली.

मी विचारलं, “काय?”

तिचं बोट एका काळ्या बटणावर होतं.  “पहिल्या चित्रात दोन्ही अर्थ खरे ठरतात,” ती म्हणाली. इतक्या हळू, की मला तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. “एकही काळं नसेल, तर सगळी काळी नाहीत हे आपोआप खरंच. त्याच्या मनात कुठलाही अर्थ असला तरी तो ‘हो’च म्हणणार. मी त्याला पहिलं चित्र दाखवलं गं.”

मला अजून नीट उमगलं नव्हतं. तीस-चाळीस पोरांच्या वर्गाला दरवर्षी पहिल्याच महिन्यात ती हे शिकवायची. जे चित्र दोन्ही अर्थांना चालतं, ते दाखवून काही कळत नाही. ही चूक पोरं करायची आणि ती लाल पेननं गोल करायची. आपल्याला जे खरं व्हायला हवं असतं, तेच चित्र माणूस आधी दाखवतो, एवढंच मी आता म्हणू शकते. तिला एकही जंतू नको होता, म्हणून तिनं एकही जंतू नसलेलं चित्र दाखवलं.

फोन तिनं मलाच लावायला सांगितला, तिला आकडे दाबता येईनात. तोच माणूस. वैतागलेला.

“शेवटचं सांगा,” मावशी म्हणाली. “समजा दोन मशीन्समध्ये जंतू सापडले, बाकीच्यांत नाहीत. तरी तुमचं वाक्य खरं ठरेल?”

“बाई, तुम्ही काय चालवलंय? मग मी लिहिलंय काय! सगळ्यांमध्ये नाही सापडले. दोनच तर आहेत, तीन आणि पाच. कुठली ते संध्याकाळच्या अहवालात येतंयच, तोवर कोण मशीन चालवतंय?”

मावशीच्या पायातली चप्पल बाकाखालीच राहिली. ती काचेचं दार ढकलून आत घुसली आणि ओरडली, “तीन बंद करा! पाच बंद करा!” मी तिच्यामागे. टेक्निशियन धावत आला. त्या माणसाला मी बोल लावत नाही. ऐकल्याबरोबर त्यानं एक शब्द न विचारता पंप थांबवला आणि नळ्यांना चिमटे लावले. नळ्यांतलं रक्त परत आत सोडलं नाही, तसंच जाऊ दिलं. तीन नंबर रिकामंच होतं, त्या पेशंटला उशीर झाला होता म्हणून. पाच नंबरवर आई होती.

आईचे ओठ निळे पडले होते. दात वाजत होते. चार पांघरुणं घातली तरी पलंग हलत होता. मी तिचे पाय चोळत होते आणि मला एवढंच कळत होतं की हे पाय गार आहेत. दोन नंबरवरून ड्रायव्हरकाका मान वळवून बघत होते. आता ते हसत नव्हते.

आईला अतिदक्षता विभागात हलवलं. जंतू रक्तात गेले होते. डॉक्टरांनी सगळं केलं, असं मी म्हणते आणि ते खरं आहे. टेक्निशियन दारात येऊन उभा राहायचा आणि माझ्या पाया पडायला बघायचा. मी त्याला उठवायचे. प्रयोगशाळेचं म्हणणं, आम्ही बरोबरच कळवलं होतं. हॉस्पिटलचं म्हणणं, आम्हाला कळवलं तेच आम्ही लिहिलं होतं. आणि दोघंही खोटं बोलत नव्हते, याचाच मला संताप यायचा. भांडायला समोर कुणी तरी खोटारडा लागतो. मग मी मावशीवर निघायचे. मनातल्या मनात तिला नको नको ते बोलायचे. एवढी शिकलीस, एवढी पुस्तकं फोडलीस, आणि माझ्या आईच्या वेळेला तुला शेंबड्या पोराची चूक करायची होती?

तोंडावर मात्र बोलवेना. ती पलंगाजवळ बसून असायची, पाठ ताठ, हात मांडीवर. विद्यापीठातून फोन यायचे ते घ्यायची नाही. दोन दिवसांत म्हातारी झाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईला शुद्ध आली. ताप उतरलेला वाटत होता. डॉक्टर म्हणाले होते, आशा ठेवू नका, पण आशा काय विचारून येते? मी चमच्यानं तिच्या ओठांना पाणी लावलं. तिनं मला बघितलं, मग मावशीला बघितलं.

मावशीचा बांध फुटला. “ताई, माझ्यामुळे झालं गं. मी त्याला चुकीचं विचारलं. ते वाक्य मी नीट लावून घ्यायला हवं होतं.”

“कुठलं वाक्य?”

“पाटीवरचं. वजनकाट्याच्या वरचं.”

आई जरा वेळ आठवत राहिली. मग तिला आठवलं. “ते होय? वाचलं होतं मी, वजन करताना. सगळ्यांमध्ये नाहीत म्हणून लिहिलं होतं. म्हटलं, एखाददुसऱ्यात असतील. आपल्याला चांगल्यातलंच देतील. तू बोलली होतीस ना त्यांच्याशी.”

मावशीनं पलंगाची कड धरली. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

“ताई,” ती म्हणाली, “मला का नाही सांगितलंस?”

आईला या प्रश्नाचं नवल वाटलं असावं. तिनं बहिणीकडे बघितलं, रागानं नाही, लोभानंच.

“तू विचारलंस कुठे?”